भरपूर दूध, तरी लोह कमी

बाळ गुटगुटीत आहे, वजन वाढतंय, दिवसाला चार-चार बाटल्या दूध संपवतं. जेवायला घेतलं की मात्र तोंड फिरवतं. "काही खात नाही, पण दूध पितो ना, मग चालेल," असं म्हणून घरचे निश्चिंत असतात. सहा महिने ते दीड वर्ष या वयात लोहाची कमतरता बरेचदा अशाच घरात, अशाच बाळात सापडते.

सहा महिन्यांनंतर काय बदलतं

पूर्ण दिवसांचं बाळ जन्मताना आईकडून लोहाचा साठा घेऊन येतं. आईच्या दुधात लोह अगदी थोडं असतं, लिटरमागे अर्ध्या मिलिग्रॅमपेक्षाही कमी, पण ते बाळाला छान शोषता येतं. दूध आणि साठा मिळून साधारण सहा महिने निभावतात. तोवर बाळाचं वजन दुप्पट झालेलं असतं आणि वाढत्या शरीरासाठी रक्तही वाढवावं लागतं. आता लोह वरच्या अन्नातूनच यायला हवं.

हा साठा मुख्यतः गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत भरतो. म्हणून दिवस पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या किंवा कमी वजनाच्या बाळाचा साठा लवकर संपतो. अशा बाळांना डॉक्टर पहिल्या काही आठवड्यांतच लोहाचे थेंब सुरू करतात. तिथे सहा महिने थांबू नये.

दुधाचा दोष कुठे

गाई-म्हशीच्या दुधात लोह जवळजवळ नसतंच. शिवाय त्यातलं कॅल्शियम आणि प्रथिनं इतर अन्नातल्या लोहाच्या शोषणात अडथळा आणतात. वर्षाच्या आतल्या काही बाळांच्या आतड्यातून या दुधामुळे डोळ्यांना न दिसण्याइतकं रक्तही झिरपत राहतं. आणि पोट दुधानेच भरल्यामुळे भुकेला जागा उरत नाही. म्हणून वर्षाच्या आत हे दूध मुख्य पेय म्हणून देऊ नये. वर्षानंतर दिवसभरात अर्धा लिटरच्या आतच ठेवावं, आणि तेही पेल्यातून. बाटलीने किती दूध पोटात जातं याचा अंदाजच राहत नाही.

घरी काय दिसतं

कमतरतेच्या सुरुवातीला काहीच दिसत नाही, ही खरी अडचण. लोह बरंच उतरल्यावर बाळ चिडचिडं होतं, लवकर दमतं, खेळण्यातला रस कमी होतो, भूक मरते. माती, भिंतीचा चुना किंवा कागद खाण्याची ओढ लागली तर तपासणी टाळू नये.

फिकेपणा पाहायचा तर दिवसाच्या उजेडात खालची पापणी हलकेच ओढा. पापणीच्या आतल्या बाजूला, पुढच्या कडेलगतची पट्टी निरोगी बाळात लालबुंद असते आणि तिच्यामागचा भाग जरा फिकट असतो. पुढची पट्टीही मागच्यासारखीच फिकी दिसली, तर संशय घ्यावा. तळहाताचीही तुलना करतात, पण आईच्या हाताशी तुलना फसवू शकते, कारण तिचंही रक्त कमी असू शकतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१च्या फेरीत महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या तीन मुलांमागे दोन मुलांत रक्तक्षय आढळला होता. शेजारचं मूलही फिकंच असेल, तर फिकेपणाच नेहमीचा वाटू लागतो. म्हणून डोळ्यांवर विसंबून न राहता रक्त तपासावं.

रिपोर्ट कसा वाचतात

समजा, चौदा महिन्यांचं, ९ किलोचं बाळ आहे. दिवसाला ९०० मिली म्हशीचं दूध, दोनदा डाळीचं पाणी आणि दोन-तीन बिस्किटं असा त्याचा आहार. सीबीसीमध्ये हिमोग्लोबिन ८. या वयात ते १०.५ ते ११च्या वर हवं. एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशींचा सरासरी आकार, ६१. हा ७०च्या वर अपेक्षित असतो. आरडीडब्ल्यू वाढलेलं, म्हणजे पेशी लहान-मोठ्या आहेत. फेरिटिन, म्हणजे साठ्यातलं लोह, ५. ते १२च्या खाली गेलं की साठा संपला असं धरतात. आहार आणि आकडे एकच गोष्ट सांगतायत.

दोन ठिकाणी चूक होते. बाळाला ताप किंवा संसर्ग असेल तर फेरिटिन खोटं चढतं, आणि साठा नसताना तो आहे असं वाटतं. दुसरं, थॅलेसेमियाचा वाहक असलेल्या मुलाच्या पेशीही लहान असतात, पण त्यावर लोह हा उपाय नाही. अशा मुलात तांबड्या पेशींची संख्या बहुधा जास्त असते. एमसीव्हीला त्या संख्येने भागून उत्तर १३च्या खाली आलं, तर डॉक्टर पुढची तपासणी सुचवतात. आपल्या बाळाची पेशीसंख्या ४.२ आहे, ६१ भागिले ४.२ म्हणजे साडेचौदा, त्यामुळे इथे लोहाच्या कमतरतेकडेच कल जातो.

डाळीचं पाणी नको, डाळ द्या

आपल्याकडे वरच्या आहाराची सुरुवात डाळीच्या किंवा भाताच्या पाण्याने होते. लोह डाळीत असतं आणि डाळ पातेल्यात राहते. बाळाच्या पोटात जातं ते पाणी. अन्न चमचा तिरका केला तरी पटकन ओघळू नये इतकं घट्ट हवं. सहा महिने पूर्ण झाल्यावर सुरुवातीला दोन-तीन चमचे पुरे, नऊ महिन्यांचं बाळ हळूहळू अर्ध्या वाटीवर येतं, दिवसातून तीन-चारदा.

खिचडीसाठी दोन चमचे तांदूळ आणि एक चमचा मूगडाळ घ्या. मऊ शिजवून घोटा, वरून थोडं तूप आणि लिंबाचे चार थेंब. लिंबू महत्त्वाचं, कारण धान्य-डाळीतलं लोह सहजी शोषलं जात नाही. त्याच घासात क जीवनसत्त्व असलं की प्रमाण वाढतं. शिजवलेला टोमॅटो किंवा कुस्करलेला पेरूही चालतो, पेरूच्या बिया काढून. मीठ-साखर वर्षाच्या आत नको.

नाचणी चांगली, पण वस्त्रगाळ करून चोथा टाकलेल्या सत्त्वातून बरंच लोह चोथ्याबरोबर जातं. मोड आणून, वाळवून, अख्खी दळलेली नाचणी वापरावी. मोड आल्याने लोह अडवणारं फायटेटही कमी होतं. पालकावर फार भिस्त नको, त्यातलं लोह फारसं शोषलं जात नाही. खजूर आणि गुळाची ख्यातीही त्यातल्या लोहापेक्षा मोठी आहे.

सामिष घरात काम सोपं होतं. मांसातलं लोह धान्यातल्यापेक्षा कितीतरी चांगलं शोषलं जातं आणि सोबतच्या डाळभातातलंही शोषायला मदत करतं. नीट शिजवून बारीक केलेला खिमा किंवा चिकन दोन चमचे खिचडीत घोटावं. कलेजी आठवड्यातून एकदा, चमचा-दीड चमचाच द्यावी, कारण तिच्यात अ जीवनसत्त्व फार असतं. अंडं जरूर द्यावं, प्रथिनांसाठी; लोहासाठी त्याच्यावर अवलंबून राहू नये. चहा मात्र चमचाभरही नको.

औषध लागतंच

हिमोग्लोबिन ८वर आल्यावर नुसत्या आहाराने साठा भरत नाही. उपचाराचा डोस सहसा किलोमागे ३ मिलिग्रॅम लोह, म्हणजे या बाळाला रोज २७ मिलिग्रॅमच्या आसपास. बाटलीवर क्षाराचं वजन आणि प्रत्यक्ष लोह हे आकडे वेगळे असतात, आणि प्रत्येक औषधाची तीव्रताही वेगळी. म्हणून किती मिली द्यायचं ते डॉक्टरांनीच लिहून द्यावं. आशाताईंकडून ६ ते ५९ महिन्यांच्या मुलांना आठवड्यातून दोनदा मिळणारं १ मिली सिरप प्रतिबंधासाठी आहे. ते घरी येत असेल तर डॉक्टरांना तसं सांगावं.

औषध दुधात मिसळू नये. जिभेच्या मागच्या भागावर सोडावं, म्हणजे दातांवर डाग पडत नाहीत. शी काळी होते, त्याने घाबरू नये. बाटली मात्र मुलांच्या हाताला लागेल अशी कधीच ठेवू नये, कारण एकदम जास्त लोह पोटात गेलं तर ते जिवावर बेतू शकतं. तसं घडल्यास उलटीची वाट न पाहता लगेच रुग्णालय गाठावं.

चार आठवड्यांनी हिमोग्लोबिन निदान १ ग्रॅमने वाढायला हवं. वाढलं तर निदान बरोबर आहे. हिमोग्लोबिन ठीक झाल्यावरही साठ्यासाठी औषध आणखी दोन-तीन महिने चालतं. वाढलं नाही, तर आधी विचारावं की डोस रोज पोटात जातोय का आणि दूध खरंच अर्ध्या लिटरवर आलंय का. दोन्हींचं उत्तर होकारार्थी असेल, तर थॅलेसेमिया, जंत किंवा कुठूनतरी होणारा रक्तस्राव शोधायची वेळ आली.