कालचं बोलणं त्याला आठवतं का?

मैत्रिणींनो, मोबाइलवर व्हॉट्सॲपमध्ये आता असे काही नंबर असतात की त्यांना काही विचारलं तर माणूस नाही, मॉडेल उत्तर देतं. मॉडेल म्हणजे भरपूर लिखाण वाचवून तयार केलेला, वाक्यं रचणारा प्रोग्राम. सोमवारी त्याला शेळीच्या खुराकाबद्दल विचारलं आणि बुधवारी विचारलं की "आता किती देऊ?", तर तो बरोबर शेळीचंच उत्तर देतो. मग वाटतं, याला आपली ओळख लागली, याच्या सगळं लक्षात राहतं. गटातल्या बऱ्याच जणी तसंच म्हणतात.

आत काय घडतं ते आपल्या इतिवृत्ताच्या वहीवरून समजून घेऊ. समजा, तुमच्या गटाला दर बैठकीला नवीन सचिव मिळते. तिला मागचं काहीच ठाऊक नाही. पण बसल्याबरोबर ती वहीची शेवटची काही पानं झरझर वाचते आणि जुनीच असल्यासारखी बोलायला लागते. बैठक संपली की ती गेली. पुढच्या वेळी पुन्हा कोरी.

मॉडेलचं तसंच आहे, फक्त ते बैठकीला नाही तर प्रत्येक मेसेजला कोरं असतं. तुम्ही "आता किती देऊ?" लिहिता तेव्हा मधली यंत्रणा आधीचं बोलणं त्या मेसेजला जोडून सगळं एकदम मॉडेलकडे पाठवते. ते सगळं नव्यानं वाचून उत्तर देतं. तुमच्या बोलण्यानं त्याच्या आत काहीही साठत नाही.

एका वेळी किती पानं वाचायची याला मर्यादा असते. बोलणं वाढलं की जुनी पानं मागे राहतात. काही ठिकाणी त्यांचा थोडक्यात सारांश ठेवतात, काही ठिकाणी तुमच्याबद्दल दोन-चार ओळींची टिपण ठेवतात. घोटाळा होतो तो इथेच.

एक उदाहरण घेऊ. एका ताईनं जूनमध्ये गटातून १०,००० रुपये कर्ज घेतलं. व्याज महिना १ टक्का, मुद्दल दरमहा १,०००. हे तिनं त्या नंबरला सांगून ठेवलं. जुलैत १,००० आणि व्याज १०० मिळून १,१०० भरले. ऑगस्टमध्ये पोराची फी आली, म्हणून फक्त ९० रुपये व्याज भरलं. तेही तिनं लिहून कळवलं. सप्टेंबरमध्ये १,०९० भरले. मग ऑक्टोबरमध्ये विचारलं, "या महिन्यात किती भरू?" उत्तर आलं, १,०७०.

खरा आकडा १,०८०. बाकी ८,००० होती, तिचं व्याज ८०. त्यानं बाकी ७,००० धरली. कर्जाची रक्कम आणि हप्ता टिपणात राहिले होते, पण ऑगस्टचा मेसेज मागे पडला होता. म्हणून त्यानं सगळे हप्ते वेळेवर भरले असं धरून हिशोब केला, आणि तोही अगदी ठामपणे. फरक दहा रुपयांचा दिसतो, पण बाकीत हजाराचा आहे. वही नसती तर कटकट झाली असती.

गंमत म्हणजे ऑगस्टचा मेसेज ताईच्या मोबाइलवर होताच! वर सरकवलं की दिसत होता. पण आपल्या स्क्रीनवर दिसतंय म्हणजे त्याच्यापुढे ते ठेवलंय, असं नाही.

त्याला एखादी गोष्ट माहीत आहे का, हे पाहायचं तर प्रश्नात उत्तर घालू नका. "ऑगस्टमध्ये मुद्दल राहिलं होतं ना?" असं विचारलं तर "हो, बरोबर" असं म्हणून मोकळं होईल, कारण ते तुम्हीच आत्ता सांगितलं. "ऑगस्टमध्ये मी किती भरले?" असं विचारा. उत्तर गोलमोल किंवा चुकीचं आलं तर समजा, ते पान त्याच्यापुढे नाही. बरोबर आलं तरी वहीशी पडताळा, कधी अंदाजही लागून जातो.

आणखी एक. मॉडेलला आठवत नाही म्हणजे आपलं बोलणं कुठेच राहत नाही, असं मात्र समजू नका. सेवा चालवणाऱ्यांच्या यंत्रणेत मेसेज साठवलेले असू शकतात, आणि आपण मोबाइलवरून पुसले तरी तिथून जातीलच असं नाही. त्यामुळे ओटीपी, पिन, आधार नंबर, गटाच्या खात्याचा तपशील तिथे टाकायचा नाही.

हिशोब विचारायचाच असेल तर वही उघडून आजची स्थिती एकाच मेसेजमध्ये लिहा: "आज मुद्दल बाकी ८,०००, व्याज महिना १ टक्का, मुद्दलाचा हप्ता १,०००. या महिन्यात एकूण किती?" आलेला आकडा वहीत चढवण्याआधी सचिवताईंकडून एकदा तपासून घ्या.