‘अगदी अश्शीच हवी’

ऑगस्ट सरत आला की आमच्याकडे दिवाळीच्या जाहिरातींची कामं सुरू होतात. त्याच सुमारास उटणं विकणाऱ्या एका जुन्या गिऱ्हाइकाचा निरोप आला. सोबत त्यांच्या प्रतिस्पर्ध्याची गेल्या वर्षीची जाहिरात आणि खाली एक ओळ: ‘आता एआयवर सगळं होतं म्हणे. अगदी अश्शीच करून द्या, फक्त डबी आपली.’

पूर्वी अशी मागणी क्वचितच यायची. नक्कल करायची तरी छायाचित्रकार, दिवे, तांब्याचं घंगाळ आणि हाताला मेंदी लावून बसलेली बाई, एवढा सरंजाम जमवावा लागे आणि तिथेच उत्साह मावळायचा. आता दोन मिनिटांत चित्र हाती येतं. म्हणूनच उत्तराचं पत्र मात्र विचार करून लिहावं लागतं. नुसतं ‘नाही’ म्हटलं तर गिऱ्हाईक जातं, आणि ‘हो’ म्हटलं तर काय होतं, तेच पत्रात सांगायचं असतं.

मी आधी ती जाहिरात नीट पाहिली. दिवाळीची पहाट, तांब्याचं घंगाळ, वाफ, पणत्या, झेंडूची फुलं. हे सगळं आपल्या घराघरातलं आहे, त्यावर कोणाचीच मालकी नाही. पण चित्रकाराने स्वतःचं म्हणून जे केलं होतं ते वेगळं होतं. कॅमेरा थेट डोक्यावर, घंगाळाच्या कडेभोवती फिरणारी रांगोळी, उजव्या कोपऱ्यातून आत येणारा आजीचा सुरकुतलेला हात, गडद हिरवी जमीन आणि डावीकडे खाली डबी. पत्राची सुरुवात इथूनच केली:

‘सप्रेम नमस्कार. जाहिरात पाहिली, देखणी आहे. त्यातली अभ्यंगस्नानाची कल्पना आपल्याला खुशाल वापरता येईल. वरून घेतलेला कोन, घंगाळाभोवतीची रांगोळी, कोपऱ्यातला हात आणि हिरवी जमीन हे सगळं एकत्र, त्याच जागी ठेवून मात्र मला करता येणार नाही.’

यातला ‘एकत्र’ हा शब्द महत्त्वाचा. नुसता हिरवा रंग किंवा नुसती रांगोळी घेतली तर कोणी अडवणार नाही. आपल्याकडच्या कायद्यात कल्पनेला संरक्षण नसतं, ती कल्पना ज्या रूपात मांडली त्या रूपाला असतं. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली आर. जी. आनंद यांच्या खटल्यात हे स्पष्ट केलं. त्यांच्या ‘हम हिंदुस्तानी’ या नाटकावरून ‘न्यू दिल्ली’ हा चित्रपट उचलला, अशी त्यांची तक्रार होती. प्रांतवाद हा विषय दोन्हींत होता, पण मांडणी पुरेशी वेगळी होती, म्हणून ते खटला हरले. निकालात न्यायालयाने जी कसोटी सांगितली ती आम्हा जाहिरातवाल्यांच्या रोजच्या कामाची आहे: दोन्ही कलाकृती पाहणाऱ्या सामान्य माणसाला दुसरी ही पहिलीचीच नक्कल आहे असं निःसंशय वाटतं का?

जाहिरातींना आणखी एक कुंपण आहे. मुंबईतल्या ‘आस्की’ या १९८५ पासूनच्या स्वनियमन संस्थेच्या संहितेत साफ म्हटलं आहे की आधी येऊन गेलेल्या दुसऱ्याच्या जाहिरातीशी मांडणी, मजकूर, घोषवाक्य किंवा दृश्यं यांत चोरी वाटावी इतकं साम्य नको. तिथे तक्रार करायला प्रतिस्पर्ध्याला न्यायालयाची पायरी चढावी लागत नाही.

‘पण यंत्रानं केलं, आपण कुठं केलं?’ हा प्रश्न येणार हे माहीत होतं, म्हणून पुढचा परिच्छेद त्यावर लिहिला. चित्र बनवणाऱ्या यंत्राला संदर्भ म्हणून एखादं चित्र दिलं, तर मूळ चित्रापासून किती दूर जायचं हे आपणच ठरवतो. स्टेबल डिफ्यूजनमध्ये त्यासाठी Denoising strength नावाची सरकपट्टी असते, शून्यापासून एकपर्यंत. ती ०.३ च्या आसपास ठेवली की नवं चित्र म्हणजे जुन्यावर पातळ कागद ठेवून गिरवल्यासारखं येतं. हात, रांगोळी, डबी सगळं जागच्या जागी. ०.८ च्या पुढे गेलं की मूळ चित्राचा जेमतेम सुगावा उरतो. गिऱ्हाइकाचं ‘अश्शीच’ म्हणजे ०.३. ती पट्टी यंत्र स्वतः सरकवत नाही.

त्यात माग राहतो तो वेगळाच. या प्रणालीच्या काही लोकप्रिय आवृत्त्या PNG फाईलच्या पोटातच वापरलेला मजकूर आणि आकडे लिहून ठेवतात. फाईल जशीच्या तशी पुढे गेली तर ती उघडून कोणीही वाचू शकतो. आणि गिऱ्हाइकाचा तो निरोप, प्रतिस्पर्ध्याच्या जाहिरातीसकट, दोघांच्या फोनमध्ये असतोच. योगायोगाने साम्य आलं असं म्हणायची सोय मग उरत नाही. पत्रात मी सौम्यपणे लिहिलं: ‘आपला निरोप मी पुसलेला नाही, आणि आपणही पुसू नये. त्याऐवजी वेगळं चित्र करू, म्हणजे पुसायची वेळच येणार नाही.’

यंत्राला चित्रातलं काय सर्वांचं आणि काय एकाचं, हे कळत नाही. गेटी इमेजेस या छायाचित्र कंपनीने स्टॅबिलिटी एआयवर २०२३ मध्ये दावा लावला, तेव्हा गेटीचा वाकडातिकडा शिक्का उमटलेली यंत्रनिर्मित चित्रंच तिने दाखवली होती. आमच्याकडेही हेच घडू शकतं: डबीवरची अक्षरं बदलली तरी झाकणाचा घाट आणि सोनेरी कडा प्रतिस्पर्ध्याचीच निघते. म्हणून डबीचा फोटो आम्ही नेहमी खरा काढतो आणि नंतर चित्रात बसवतो.

हे सगळं कायद्याचं झालं. गिऱ्हाइकाला पटलं ते मात्र दुसरंच वाक्य, आणि खरं सांगायचं तर मी ते पत्राच्या अगदी वर टाकायला हवं होतं: ‘ती जाहिरात लोकांनी वर्षभर पाहिली आहे. तसंच चित्र दिसलं की त्यांना आठवतील ते. पैसे आपले जातील आणि गिऱ्हाईक दुकानात जाऊन डबी त्यांची मागेल.’

मग पर्याय सुचवला. त्या जाहिरातीतलं नेमकं काय आवडलं, हे फोनवर विचारलं होतं. बराच वेळ घोळ घातल्यावर उत्तर आलं, ‘ऊब वाटते हो बघून.’ ऊब आणायला आजीचा हात लागतोच असं नाही. मी लिहिलं: पाट, त्यावर अर्धवट झोपेतला मुलगा, पाठीला उटणं लावणारी आई, मागे उघड्या दारातून दिसणारा निळसर अंधार आणि एकच पणती. कॅमेरा मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर. यंत्राला संदर्भ म्हणून फक्त आम्ही काढलेले फोटो, प्रतिस्पर्ध्याचं काही नाही.

तयार झालेलं चित्र कसं तपासणार, हेही पत्रात घातलं. दोन्ही जाहिराती एकीवर एक, वरची अर्धी पारदर्शक करून ठेवायची. मुख्य वस्तूंच्या कडा जुळू लागल्या की चित्र रद्द. नंतर नवं चित्र टपाल तिकिटाएवढं करून कामाशी संबंध नसलेल्या चारपाच जणांना विचारायचं, ‘ही कोणाची जाहिरात?’ एकानेही प्रतिस्पर्ध्याचं नाव घेतलं तर पुन्हा बसायचं. सर्वोच्च न्यायालयाचा सामान्य माणूस आमच्याकडे खालच्या मजल्यावरचा झेरॉक्सवाला आहे.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: ‘बरं, दोन नमुने पाठवा. पण आईच्या हातात हिरव्या बांगड्याच पाहिजेत.’

हिरव्या बांगड्या कोणा एकाच्या नाहीत. तेवढ्या घातल्या.