चुकलेल्या तारखेचा इशारा

जूनच्या मध्यावर महाराष्ट्रातील शाळा उघडतात आणि महिना-दीड महिना कुलूपबंद राहिलेल्या कार्यालयांतील संगणक पुन्हा सुरू केले जातात. त्यांतला एखादा दहाबारा वर्षांचा जुना संगणक असा असतो की, तो सुरू तर होतो, परंतु लिपिकाने शासकीय संकेतस्थळाचे लॉगिनचे पान उघडू म्हटले की त्या पानाऐवजी तांबडे चिन्ह आणि खाली `NET::ERR_CERT_DATE_INVALID` असा मजकूर पडद्यावर झळकतो. संकेतस्थळात बिघाड झाला असावा, अथवा कोणी मध्ये शिरून हेरगिरी करीत असावे, असा तर्क तेथे बसलेली मंडळी करतात. वस्तुतः शेजारच्या माणसाच्या मोबाईलवर तेच पान निर्वेधपणे उघडत असते, आणि संगणकाच्या उजव्या कोपऱ्यात, जिकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही तेथे, १ जानेवारी २०१५ ही तारीख दिसत असते.

या दोन गोष्टींचा परस्परसंबंध समजण्यासाठी पासवर्ड टाइप करण्यापूर्वीच्या क्षणार्धात काय घडते ते पाहिले पाहिजे. संकेतस्थळाशी संपर्क होताच ते संकेतस्थळ ब्राउझरच्या हाती आपले प्रमाणपत्र देते. त्यावर त्याचे नाव असते, त्याची सार्वजनिक किल्ली असते, ज्या संस्थेने खातरजमा करून ते दिले तिची अंकीय स्वाक्षरी असते, आणि कोणत्या क्षणापासून कोणत्या क्षणापर्यंत ते ग्राह्य धरावे याच्या दोन तारखा, सेकंदापर्यंत नेमक्या, जागतिक प्रमाणवेळेत लिहिलेल्या असतात. स्वाक्षरी खरी असली आणि नाव जुळले तरी सध्याचा क्षण त्या दोन तारखांच्या दरम्यान पडत नसेल, तर ब्राउझर ते प्रमाणपत्र अमान्य करतो. आणि सध्याचा क्षण कोणता, हे तो ज्या यंत्रात चालतो त्या यंत्राच्या घड्याळालाच विचारतो. हातात २०१५ चे पंचांग घेऊन नाक्यावर उभ्या राहिलेल्या पहारेकऱ्याने आजचा परवाना परत करावा, तसा हा प्रकार आहे.

आपल्या उदाहरणातील विसंगती तर याहून खोल जाते. बहुसंख्य संकेतस्थळांना विनामूल्य प्रमाणपत्रे देणारी लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था ज्या मूळ प्रमाणपत्राच्या आधारावर उभी आहे, त्या `ISRG Root X1` ची मुदतच ४ जून २०१५ रोजी सुरू होते. म्हणजे जानेवारी २०१५ मध्ये अडकून पडलेल्या संगणकाच्या दृष्टीने केवळ संकेतस्थळाचे प्रमाणपत्रच नव्हे, तर त्याला मान्यता देणारी मूळ सनदही अद्याप अस्तित्वात आलेली नसते.

आता तारीख इतकी मागे का गेली? संगणक बंद असताना वेळ मोजण्याचे काम मुख्य फलकावरील एक लहानसे घड्याळ करीत असते. त्यातील स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. ही संख्या दोनाचा पंधरावा घात असल्यामुळे पंधरा वेळा निम्मे करीत गेले की बरोबर एका सेकंदाचा ठोका मिळतो. संगणकाला वीजपुरवठा असेपर्यंत हे घड्याळ त्यावर चालते. भिंतीवरचे बटण बंद केले की त्याचा सारा भार रुपयाच्या नाण्याएवढ्या, `CR2032` अशी खूण असलेल्या तीन व्होल्टच्या सेलवर येतो. रोज वापरात असलेल्या यंत्रातला अशक्त सेल रात्रभराची वेळ कशीबशी निभावून नेतो आणि म्हणून त्याचे दुखणे कळून येत नाही. दीर्घ सुट्टीत मात्र तो पुरता ढासळतो, घड्याळ थांबते, आणि पुन्हा वीज मिळताच यंत्र आपल्या निर्मात्याने मुळात भरून ठेवलेल्या आरंभीच्या तारखेपासून मोजू लागते. ही तारीख निरनिराळ्या यंत्रांत निरनिराळी असते. सुरू होतानाच काळ्या पडद्यावर `CMOS checksum error` असे काही येऊन `F1` दाबण्याची सूचना होत असेल, तर निदान पक्के समजावे.

किंबहुना, चूक किती मोठी आहे यावरूनच तिचे कारण बहुधा सांगता येते, आणि हे तारतम्य ज्याच्या अंगी आले त्याला पुढची पुष्कळशी यातायात वाचते. स्फटिकाच्या स्वाभाविक अशुद्धीने घड्याळ दिवसाकाठी सेकंद-दोन सेकंद मागेपुढे जाते. महिन्याला मिनिटभराच्या या फरकाने प्रमाणपत्राची कसोटी सहसा बिघडत नाही. (मोबाईलमधील अॅपवर दर तीस सेकंदांनी बदलणारा सहा आकडी संकेतांक मात्र एवढ्या फरकानेही नाकारला जाऊ शकतो, परंतु तेथे दिसणारा दोष निराळा असतो.) चूक काही वर्षांची असेल तर संशय सेलवर घ्यावा, किंवा कोणी हाताने तारीख भरताना वर्ष चुकवले असेल असे मानावे. आणि चूक बरोबर साडेपाच तासांची असेल, तर घड्याळ नव्हे, कालविभागाचा हिशेब चुकला आहे. एकाच यंत्रावर विंडोज आणि लिनक्स नांदत असतील तर हे विशेष घडते, कारण लिनक्स त्या लहान घड्याळात सामान्यतः जागतिक वेळ लिहून ठेवते, आणि विंडोज तीच भारतीय वेळ समजून वाचते, त्यामुळे विंडोजमध्ये सकाळचे साडेदहा वाजलेले असताना पाच दिसतात.

साडेपाच तासांची चूक वर्षाच्या मुदतीपुढे क्षुल्लक वाटेल, आणि बहुतेक दिवशी ती क्षुल्लकच असते. परंतु त्याच दिवशी सकाळी नूतनीकरण झालेले प्रमाणपत्र अशा यंत्राला "अद्याप सुरू न झालेले" वाटते. लोकांची घड्याळे थोडीफार मागे असतात हे जाणून लेट्स एन्क्रिप्ट आपल्या प्रमाणपत्रांवर आरंभाची वेळ एक तास आधीची घालते. तासाभराची चूक तेवढ्याने झाकली जाते, साडेपाच तासांची झाकली जात नाही. प्रमाणपत्रांच्या मुदतीही सारख्या आखूड होत चालल्या आहेत. सप्टेंबर २०२० पासून ही कमाल मर्यादा ३९८ दिवसांची होती. २०२५ मध्ये ठरलेल्या वेळापत्रकानुसार ती टप्प्याटप्प्याने कमी होत मार्च २०२९ पासून ४७ दिवसांवर येणार आहे. नूतनीकरणे जितकी वारंवार, तितके ताज्या प्रमाणपत्राशी गाठ पडण्याचे प्रसंगही अधिक.

येथे एक प्रश्न साहजिक उद्भवतो की, इंटरनेट जोडलेले असताना संगणकाने वेळ आपणहून का दुरुस्त करून घेऊ नये. विंडोज तसा प्रयत्न करतेही. ठराविक अवधीने ते वेळ पुरवणाऱ्या सर्व्हरला विचारणा करते, आणि ही विचारणा प्रमाणपत्राविना होत असल्यामुळे घड्याळ चुकले म्हणून ती अडत नाही. परंतु कोणी खोटी वेळ कळवून यंत्राला फसवू नये यासाठी तिला एक मर्यादा घातलेली आहे. घरगुती किंवा स्वतंत्र संगणकावर ही मर्यादा मुळात ५४,००० सेकंदांची, म्हणजे पंधरा तासांची असते, आणि त्याहून मोठी दुरुस्ती ते स्वीकारीत नाही. त्यामुळे साडेपाच तासांची चूक आपोआप सुधारते आणि अकरा वर्षांची चूक तशीच राहते. यास्तव तारीख आधी हाताने योग्य दिवसावर आणावी, कालविभाग `(UTC+05:30) Chennai, Kolkata, Mumbai, New Delhi` हाच निवडलेला आहे याची खात्री करावी, आणि मगच `Sync now` दाबावे. हा क्रम उलटा केला तर समक्रमण फसते आणि माणूस इंटरनेटला दोष देत बसतो.

क्रोम ब्राउझर या पेचातून आपल्यापुरती जी वाट काढतो, तीही पाहण्याजोगी आहे. यंत्राच्या तारखेवर त्याचा आंधळा विश्वास नसतो. तो स्वतः ज्या दिवशी तयार केला गेला त्या दिवसाच्याही मागे संगणकाची तारीख असेल, तर चूक संगणकाची आहे हे उघडच असते. शिवाय तो गूगलच्या सर्व्हरला खरी वेळ विचारू शकतो. पण सुरक्षित जोडणीने विचारावे तर तिच्यासाठी आधी खरी वेळ लागते. म्हणून ही विचारणा साध्या, असुरक्षित जोडणीवरून केली जाते, आणि येणाऱ्या उत्तरावर अशी स्वाक्षरी असते की जी पडताळण्याची किल्ली ब्राउझरमध्ये आधीच ठेवलेली आहे. मध्ये कोणी उत्तर बदलले तर ते पकडले जाते. अशा रीतीने खात्री पटली की तो हेरगिरीची शंका बाजूला ठेवून `Your clock is behind` किंवा `Your clock is ahead` असे स्वच्छ सांगतो.

पुष्कळांना असे वाटते की, दोष केवळ तारखेचा आहे हे कळल्यावर इशारा ओलांडून पुढे जाण्यास हरकत नसावी. माझे मत याच्या ठाम विरुद्ध आहे, आणि त्याचे कारण मुदत मुळात कशासाठी असते यात आहे. संकेतस्थळाची गुप्त किल्ली चोरीस गेली तर तिचे प्रमाणपत्र रद्द करून त्याची नोंद रद्दबातल यादीत होते. परंतु मुदत संपलेले प्रमाणपत्र त्या यादीत पुढे ठेवण्याचे बंधन राहत नाही, कारण ते तारखेनेच बाद झालेले असते. २०१४ च्या एप्रिलमध्ये हार्टब्लीड नावाचा दोष उघडकीस आला तेव्हा असंख्य सर्व्हरांच्या गुप्त किल्ल्या बाहेर पडल्या असण्याचा संभव निर्माण झाला आणि प्रमाणपत्रे मोठ्या संख्येने रद्द करावी लागली. जानेवारी २०१५ मध्ये जगणाऱ्या संगणकाला आजची खरी प्रमाणपत्रे खोटी वाटतात, आणि त्या काळातली चोरलेली प्रमाणपत्रे मात्र त्याच्या घड्याळाप्रमाणे मुदतीत असतात. आजचे ब्राउझर इतरही कसोट्या लावतात, म्हणून असे जुने प्रमाणपत्र त्यांच्यापुढे सहजी टिकणार नाही. तथापि तारखेची कसोटी त्या यंत्रात उलटी झालेली असते, आणि इशारा ओलांडणारा मनुष्य उरलेल्या कसोट्यांकडेही पाठ फिरवितो. नेमक्या त्याच पानावर पासवर्ड द्यायचा असतो. बँकांसारखी कित्येक संकेतस्थळे ब्राउझरला आधीच बजावून ठेवतात की आमच्या बाबतीत पुढे जाण्याची वाट देऊच नये, आणि तेथे ती दिसत नाही, हे योग्यच आहे.

म्हणून असा इशारा आला की प्रथम कोपऱ्यातील तारीख, वर्षासह, वाचावी आणि मोबाईलशी ताडून पाहावी. ती चुकलेली असेल तर वर सांगितल्या क्रमाने सुधारावी. दुसऱ्या दिवशी पुन्हा मागे गेली तर सेल बदलून घ्यावा, त्याची किंमत किरकोळ असते. आणि तारीख व कालविभाग दोन्ही बिनचूक असून इतर सर्व पाने उघडत असताना एकाच लॉगिनच्या पानावर हा इशारा येत असेल, तर मुदत त्या संकेतस्थळाच्याच प्रमाणपत्राची संपलेली असण्याचा संभव अधिक. तेथे आपल्या हाती दुरुस्तीचा उपाय नाही, पासवर्ड देऊ नये आणि संबंधित कार्यालयाला फोन करून कळवावे.