पावसाळ्यात चढणारा पियानो

मुंबईत जुलै उजाडला की घरचा पियानो कुणी हात न लावताही बेसूर होतो. दोष तारांचा नसतो. त्यांच्यामागचा स्प्रूस लाकडाचा पातळ साउंडबोर्ड दमट हवेतली ओल शोषून फुगतो, वरचा ब्रिज पुढे रेटतो आणि तारा ताणल्या जातात. मधल्या सप्तकांचे सूर सर्वांत जास्त चढतात. त्यामुळे तिथला ‘सा’ आणि वरचा ‘सा’ एकत्र वाजवले की आवाज थरथरतो. हिवाळ्यात हेच सूर उतरतात.

म्हणून वर्षातून दोनदा ट्यूनिंग हवेच. नव्या पियानोच्या तारा अजून सैलावत असतात, त्याला पहिल्या वर्षी तीन-चार वेळा.

मात्र पहिल्या सरीबरोबर ट्यूनरला बोलावणे म्हणजे पैसे वाया! लाकूड स्थिरावायला दोन-तीन आठवडे द्यावेत.