निर्णय 'टेक' करायचा की 'मेक'?

पुण्यातल्या कंपनीतला एखादा अभियंता अमेरिकेतल्या ग्राहकाला ईमेल लिहितो, 'वुई विल टेक अ डिसिजन टुमॉरो.' मराठीत निर्णय घेतला जातो आणि घेणे म्हणजे 'टेक', तेव्हा त्याला हे वाक्य बरोबरच वाटतं. ग्राहकाला अर्थ कळतो, पण वाक्य कानाला जरा खटकतं. त्याच्या इंग्रजीत निर्णय 'मेक' केला जातो. हाच ईमेल लंडनला गेला असता, तर तिथे कुणालाही त्यात काही वावगं वाटलं नसतं. ब्रिटिश इंग्रजीत 'मेक अ डिसिजन' आणि 'टेक अ डिसिजन' ही दोन्ही रूपं चालतात.

शब्दांच्या अशा ठरून गेलेल्या सोबतीला भाषाशास्त्रात 'कॉलोकेशन' म्हणतात. मराठीतही ती पदोपदी आहे. हाक मारतात, नवस बोलतात, शपथ घेतात, गप्पा मारतात. मराठी शिकणारा परदेशी माणूस 'मी त्याला हाक केली' म्हणाला, तर त्याचं म्हणणं कळतं आणि व्याकरणही मोडत नाही. तरीही असं कुणी म्हणत नाही. मारणे का आणि करणे का नाही, याला नियम नाही. ही जोडी वापरून वापरून पक्की झालेली असते.

मराठी माणूस इंग्रजीत अडखळतो तो मुख्यतः 'करणे' या क्रियापदापाशी. मराठीत गृहपाठ करतात, चूक करतात आणि प्रयत्नही करतात. इंग्रजीत याच 'करणे'चे दोन भाग पडतात. गृहपाठ 'डू' होतो, तर चूक आणि प्रयत्न 'मेक' होतात. म्हणून 'आय डिड अ मिस्टेक' हे वाक्य आपल्याकडे वरचेवर ऐकू येतं.

'घेणे'चं कोडं आणखी फसवं आहे, कारण ते अर्ध्या वेळा बरोबर सुटतं. श्वास, शपथ आणि काळजी यांच्यासाठी इंग्रजीतही 'टेक' चालतं. त्यामुळे विश्वास बसतो, आणि मग बैठक घ्यायची वेळ आली की 'टेक अ मीटिंग' लिहिलं जातं. तिथे 'होल्ड' हवं असतं.

काही वेळा नुसतं खटकण्यावर भागत नाही, अर्थच उलटतो. मराठीत विद्यार्थी परीक्षा देतो आणि शिक्षक परीक्षा घेतात. इंग्रजीत नेमकं उलट आहे. विद्यार्थी परीक्षा 'टेक' करतो, ब्रिटनमध्ये 'सिट'ही म्हणतात, आणि परीक्षा 'गिव्ह' करतात ते शिक्षक. 'आय विल गिव्ह द एक्झाम इन मे' हे वाक्य भारतात सर्रास चालतं. परदेशी विद्यापीठातल्या वाचकाला मात्र लिहिणारा परीक्षकच आहे, असं वाटू शकतं.

या चुका व्याकरणाच्या पुस्तकात सापडत नाहीत आणि शब्दाच्या अर्थातूनही उमगत नाहीत. त्या उघड होतात शब्दकोशातल्या उदाहरणवाक्यांत, म्हणजे अर्थ मिळाला की वाचक ज्या ओळी बहुधा ओलांडून जातो त्यांत.

ही वाक्यं शब्दकोशात मुद्दाम आणली गेली, त्याला जपानमधल्या वर्गांची पार्श्वभूमी आहे. ए. एस. हॉर्नबी हा इंग्रज शिक्षक 1924 साली जपानला शिकवायला गेला. तिथे हॅरॉल्ड पामर यांच्यासोबत तो इंग्रजीतल्या अशा शब्दजोड्या गोळा करण्याच्या कामात गुंतला. 1933 साली पामर यांनी त्यांवर एक विस्तृत अहवाल प्रसिद्ध केला. इंग्रजांसाठी लिहिलेले कोश जपानी विद्यार्थ्यांना पुरे पडत नव्हते. जन्मापासून इंग्रजी बोलणाऱ्याला चूक 'मेक' करतात हे कोशानं सांगावं लागत नाही. परकीयाला नेमकं तेच हवं असतं. हॉर्नबी आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांचा, विद्यार्थ्यांसाठी रचलेला कोश 1942 साली तोक्योत निघाला. ऑक्सफर्डनं 1948 मध्ये तो पुन्हा छापला, आणि आज विद्यार्थ्यांच्या हाती असलेला ऑक्सफर्डचा जाडजूड कोश त्याचाच वंशज आहे.

असा कोश वापरायचा कसा, हे 'डिसिजन' याच शब्दावर पाहता येतं. पहिली गोष्ट म्हणजे शोध नामापासून सुरू करावा. 'मेक' किंवा 'टेक' उघडलं, तर अर्थांच्या पानभर यादीत माणूस हरवतो. निर्णय हे नाम आधी ठाऊक असतं आणि अडलेलं असतं ते क्रियापद. म्हणून 'डिसिजन' उघडावं.

तिथे अर्थाची ओळ झाली की उदाहरणं सुरू होतात. त्यांत 'मेक' पुन्हापुन्हा दिसतं, अनेकदा ठळक टाइपात. 'टेक'ही दिसतं, पण बहुधा ते ब्रिटिश असल्याची खूण त्याच्याजवळ असते. ही छोटी खूण चुकवू नये, कारण ईमेल लंडनला जाणार की शिकागोला, याचं उत्तर तिच्यात आहे. मग 'टेक' असलेल्या वाक्यांत निर्णय कुणाचा आहे, हे पाहावं. तिथे सरकार, समिती, संचालक मंडळ अशी मंडळी बरीच भेटतात, आणि निर्णय 'घेण्यात आला' अशा धाटणीची वाक्यंही असतात. म्हणजे 'टेक'ला थोडा औपचारिक, दरबारी रंग आहे. कुणी कुठली नोकरी धरायची हे ठरवत असेल, तर 'मेक' कुठेही शोभतं.

त्याच परिच्छेदात 'रीच अ डिसिजन' आणि 'कम टू अ डिसिजन' सापडतात. बराच खल करून निर्णयापर्यंत पोचलं, की ही रूपं येतात. 'डू अ डिसिजन' मात्र कुठेच सापडत नाही.

पण एखादी जोडी दिसली नाही एवढ्यावरून ती चुकीची ठरवता येत नाही. दोन-चार वाक्यांत सगळी भाषा मावत नाही. म्हणून दुसरा कोश उघडून ताडून पाहावं. वाक्यं कुठून आली, यानंही फरक पडतो. पूर्वी कोशकार ती स्वतः रचत. 1987 साली बर्मिंगहॅम विद्यापीठातल्या जॉन सिंक्लेअर यांच्या चमूनं कॉलिन्ससाठी 'कोबिल्ड' हा कोश तयार केला. त्यासाठी त्यांनी प्रत्यक्ष वापरातल्या मजकुराचा प्रचंड साठा संगणकावर जमवला आणि उदाहरणं त्यातून उचलली. रचलेलं वाक्य सुटसुटीत असतं. प्रत्यक्षातून उचललेलं वाक्य कधी ओबडधोबड असतं, पण लोक खरोखर काय म्हणतात याचा तो पुरावा असतो. 2002 साली ऑक्सफर्डनं केवळ शब्दांच्या जोड्यांसाठीच वेगळा कोश काढला. त्यात नामाखाली त्याची विशेषणं आणि क्रियापदं गटागटानं मांडलेली असतात.

मराठीत हे काम याच्याही कितीतरी आधी झालं आहे. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश मुंबईत 1831 साली निघाला आणि त्याची सुधारलेली आवृत्ती 1857 साली. त्यात असंख्य नामांपुढे त्यांच्यासोबत येणारी क्रियापदं नोंदवलेली आहेत. इंग्रज वाचकाला मराठी नाम कुठल्या क्रियापदासोबत वापरायचं, हे त्यातून लगेच कळत असे. हा कोश आज शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मोफत पाहता येतो. इंग्रजी ईमेल लिहिताना क्रियापदापाशी हात थबकला, तर वाचकांनी इंग्रजी कोशात नाम उघडावं आणि अर्थाच्या ओळीखालची वाक्यं आधी वाचावीत.