कोणाची ऑर्डर कोणत्या सर्व्हरवर?

ऑनलाइन बाजारात 'ऑर्डर करा' हे बटण दाबलं की डेटाबेसमधल्या एका टेबलात एक नोंद पडते. तिच्यात ऑर्डरचा क्रमांक, ग्राहकाचा क्रमांक, विक्रेत्याचा क्रमांक, वेळ आणि रक्कम असते. धंदा वाढतो तसं टेबल फुगत जातं. आधी जुन्या ऑर्डरी वेगळ्या काढून पाहतात, मग मोठा सर्व्हर घेतात. नुसतं वाचण्याचं काम वाटून घ्यायला टेबलाच्या प्रतीही ठेवतात. पण नवी ऑर्डर लिहिण्याचं काम मूळ सर्व्हरलाच करावं लागतं, आणि एक दिवस त्यालाच ते झेपेनासं होतं. मग टेबलाचे तुकडे करून ते अनेक सर्व्हरांवर ठेवावे लागतात. याला शार्डिंग म्हणतात, आणि कोणती नोंद कुठे जाईल हे ज्या रकान्यावरून ठरतं तो रकाना म्हणजे शार्ड की.

समजा, असा एक बाजार सोळा सर्व्हरांवर पसरायचा आहे. तिथे विक्रेते अनेक आहेत आणि एकच ग्राहक आज एकाकडून पुस्तक घेतो, तर उद्या दुसऱ्याकडून चप्पल. शार्ड की म्हणून चार रकाने समोर आहेत.

पहिला रकाना तारखेचा. जानेवारी एका सर्व्हरवर, फेब्रुवारी दुसऱ्यावर, अशी ही वाटणी नीटनेटकी दिसते. पण आजच्या सगळ्या ऑर्डरी आजच्याच सर्व्हरवर येतात. पंधरा सर्व्हर जवळजवळ रिकामे बसतात आणि सोळाव्यावर आधीइतकाच भार राहतो. जे दुखणं घालवायला एवढा खटाटोप केला, ते तसंच उरतं.

दुसरा ऑर्डर क्रमांकाचा. त्या क्रमांकावर हॅश नावाची गणिती क्रिया केली की लागोपाठचे क्रमांकही वेगवेगळ्या सर्व्हरांवर विखुरतात आणि भार अगदी सारखा वाटला जातो. इथे बरेच जण समाधान मानतात. मात्र ग्राहकाने 'माझ्या ऑर्डरी' उघडलं की त्याच्या दहा ऑर्डरी कुठे आहेत हे कळायला मार्ग नसतो. सोळाही सर्व्हरांना विचारावं लागतं आणि सर्वांत सावकाश असेल त्याच्यासाठी थांबावं लागतं. प्रत्येक सर्व्हर शंभरात एकदाच अडखळतो असं धरलं, तरी सोळांपैकी एखादा अडखळण्याची शक्यता शंभरात सुमारे पंधरा होते. शिवाय सर्व्हर वाढवावेत तसा हा त्रास वाढतो.

तिसरा विक्रेत्याचा. कॅनडातल्या शॉपिफाय कंपनीला 2015च्या सुमारास आणखी मोठा डेटाबेस सर्व्हर घेणं शक्य राहिलं नाही, तेव्हा तिने दुकानाचा क्रमांक हीच शार्ड की ठरवली. तिथे ती चपखल बसते. शॉपिफायवर प्रत्येक दुकान स्वतंत्र असतं. त्याचा माल, त्याचे ग्राहक, त्याच्या ऑर्डरी एकमेकांशी बांधलेल्या असतात आणि बहुतेक प्रश्न एका दुकानापुरतेच असतात. आपल्या बाजारात मात्र ग्राहक या दुकानातून त्या दुकानात फिरतो, म्हणून त्याच्या ऑर्डरी पुन्हा विखुरतात. दुसरी अडचण मोठ्या विक्रेत्याची. त्याच्या एकट्याच्या ऑर्डरींनी एक सर्व्हर भरून जाऊ शकतो, आणि एका क्रमांकाच्या नोंदी एकाच ठिकाणी ठेवायच्या असल्याने त्याचे आणखी तुकडे पाडता येत नाहीत. असा विक्रेता आहे का, हे आधीच पाहता येतं:

```sql
SELECT seller_id, COUNT(*) AS n
FROM orders
GROUP BY seller_id
ORDER BY n DESC
LIMIT 20;
```

हीच मोजणी सर्वांत गर्दीच्या तासापुरती वेगळी करावी. वर्षभराच्या बेरजेत साधा वाटणारा विक्रेता सेलच्या तासाभरात सर्व्हर खाली बसवू शकतो.

चौथा ग्राहकाचा. एक माणूस कितीही खरेदी करो, त्याच्या एकट्याच्या ऑर्डरींनी सर्व्हर भरत नाही. 'माझ्या ऑर्डरी' एकाच सर्व्हरवर सापडतात. ऑर्डरीतल्या वस्तू आणि पैसे भरल्याची नोंद यांच्या टेबलांतही ग्राहकाचा क्रमांक घातला, तर तीही त्याच सर्व्हरवर राहतात. मग 'तिन्ही नोंदी एकदम होतील, नाहीतर एकही नाही' ही हमी एकच सर्व्हर देऊ शकतो. दोन सर्व्हरांनी मिळून ती द्यायची म्हटलं तर काम सावकाश होतं, आणि मध्येच एक बंद पडला तर पैसे कापले गेले पण ऑर्डर नाही, असे घोटाळे निस्तरावे लागतात. ही किल्ली कधी बदलता कामा नये, एवढं मात्र पाळावं लागतं. म्हणून मोबाइल नंबर घेऊ नये, आपण दिलेला ग्राहक क्रमांक घ्यावा. खातं न उघडता खरेदी करणाऱ्यालाही आतल्या आत असा क्रमांक द्यावा.

या बाजारासाठी ग्राहक क्रमांक योग्य ठरतो. पण त्याची किंमत विक्रेत्याच्या पडद्यावर मोजावी लागते. 'आज मला काय पाठवायचं आहे' या त्याच्या प्रश्नाचं उत्तर आता सोळा ठिकाणी पसरलेलं असतं. यावर तोडगा आपल्या जुन्या हिशेबनिसांनी वापरलेलाच आहे. रोजकीर्दीत व्यवहार तारखेने लिहायचा आणि तोच खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर उतरवायचा. तशीच ऑर्डरींची दुसरी प्रत विक्रेता क्रमांकाने वाटून ठेवतात. मूळ टेबलात नोंद झाली की ती पाठोपाठ या प्रतीत जाते. ही प्रत काही क्षण मागे असते. पार्सल बांधणाऱ्याला त्याने फरक पडत नाही, पण पैशांचा निर्णय मात्र मूळ नोंदीवरूनच करायचा.

ग्राहक मदत केंद्रात फोन येतो तेव्हा समोर फक्त ऑर्डर क्रमांक असतो. त्यासाठी त्या क्रमांकातच ठिकाणाची खूण घालतात. इन्स्टाग्रामने 2011मध्ये फोटोंच्या क्रमांकांत हेच केलं. 64 बिटांच्या क्रमांकात 41 बिट वेळेसाठी, 13 बिट तार्किक शार्डसाठी आणि 10 बिट अनुक्रमासाठी होते. नुसता क्रमांक पाहून नोंद कुठे आहे ते समजायचं.

इथला 'तार्किक' हा शब्द महत्त्वाचा आहे. हॅशला थेट सोळाने भागून बाकीवरून सर्व्हर ठरवला, तर सतराव्या सर्व्हरच्या दिवशी जवळजवळ सगळ्या नोंदींची जागा बदलते. म्हणून आधी पुष्कळ छोटे कप्पे करतात आणि कोणता कप्पा कोणत्या सर्व्हरवर, याची यादी वेगळी ठेवतात. नोशन कंपनीने 2021मध्ये 480 कप्पे 32 डेटाबेसांवर ठेवले, प्रत्येकावर पंधरा. पुढे डेटाबेस 96 केले तेव्हा प्रत्येकावर पाच कप्पे आले. नोंदीचा कप्पा तोच राहिला, फक्त कप्पा उचलून दुसरीकडे नेला.

सर्व्हर असे वाढवता येतात, शार्ड की बदलणं मात्र फार जड जातं. तेव्हा जवळजवळ प्रत्येक नोंद हलवावी लागते, तीही बाजार चालू ठेवून. म्हणून निर्णयाआधी सर्वांत गर्दीच्या दिवशी डेटाबेसला विचारलेले प्रश्न काढून मोजावेत. किती प्रश्नांत ही किल्ली आधीच हाती आहे, किती प्रश्न सगळ्या सर्व्हरांकडे जातील आणि ते कोण विचारतं, हे पाहावं. सगळीकडे जाणारे प्रश्न महिन्याच्या अहवालाचे असतील तर ते रात्री चालवता येतात. ते ग्राहकाच्या रोजच्या पडद्याचे असतील, तर भार कितीही सारखा वाटला गेला तरी ती किल्ली नाकारावी.