कपालभातीच्या आधी लांब उच्छ्वास

‘हल्ली टेन्शन फार आहे,’ असे कोणी म्हणायचा अवकाश, शेजारी सल्ला देतात, ‘रोज कपालभाती करा.’ सांगणाऱ्याला तिचा खरोखर फायदा झालेला असतो. पण मनावर ताण असलेल्या नवशिक्याने सुरुवात कपालभातीपासून करू नये.

हठप्रदीपिकेत कपालभाती प्राणायामात मोडत नाही. धौती, बस्ती, नेती, त्राटक आणि नौली यांच्यासोबत तिची गणना षट्कर्मांत, म्हणजे शरीरशुद्धीच्या क्रियांत होते. पोटाला झटके देत श्वास लोहाराच्या भात्यासारखा भराभर बाहेर टाकायचा, अशी ही क्रिया. तिने तरतरी येते. ताणलेल्या माणसाची छाती आधीच धडधडत असते, श्वास उथळ आणि जलद झालेला असतो. त्याला तरतरी नको, उसंत हवी.

ही उसंत उच्छ्वासात आहे, आणि ते स्वतःच्या मनगटावर तपासता येते. नाडीवर बोटे ठेवून हळू श्वास घ्या, मग त्याहून हळू सोडा. अनेकांना श्वास घेताना ठोके किंचित भरभर आणि सोडताना सावकाश पडताना जाणवतात. हृदयाचा वेग आवरणारी व्हेगस नावाची नस उच्छ्वासाच्या वेळी अधिक जोरात काम करते, म्हणून हे घडते. उच्छ्वास लांबवला की तिला जास्त वेळ मिळतो.

समजा, एका शेहेचाळीस वर्षांच्या बाईंना ऑफिसात बैठकीआधी धडधड होते. रक्तदाबाची गोळी चालू आहे. त्यांनी खुर्चीत पाठ टेकून बसावे, पाय जमिनीवर, एक तळहात बेंबीवर. नाकाने मनात चार आकडे मोजत श्वास घ्यावा. पोटावरचा हात पुढे यायला हवा, खांदे वर उचलले जाता कामा नयेत. मग न थांबता, सहा आकडे मोजत नाकानेच सोडावा. एक आवर्तन दहा सेकंदांचे, म्हणजे पाच मिनिटांत तीस. सहा आकडे जड वाटले तर तीन घ्यावेत, चार सोडावेत. श्वास ‘खूप मोठा’ घ्यायचा नाही, हे महत्त्वाचे. पुढचा श्वास घाईने ओढावासा वाटला, तर मोजणी आपल्या दमापेक्षा लांब झाली असे समजावे.

नवशिक्यांची नेहमीची चूक म्हणजे जोर लावणे. भराभर, खोल श्वास घेतले की रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा कमी होतो आणि मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात. मग चक्कर येते, ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येतात. काही जण याला ‘शक्ती जागी झाली’ असे समजतात. ते चुकीचे आहे. मुंग्या आल्या की तिथेच थांबावे आणि नेहमीसारखा श्वास चालू द्यावा. पॅनिक अटॅक येणाऱ्यांना तर याच लक्षणांनी झटका सुरू झाल्यासारखे वाटते. त्यांनी कपालभाती आणि भस्त्रिका टाळावी. श्वासाकडे लक्ष दिल्यानेच घाबरायला होत असेल, तर तो नाद सोडून सावकाश चालावे.

गरोदर स्त्रिया, हृदयविकार किंवा आटोक्यात नसलेला रक्तदाब असणारे, हर्निया झालेले, नुकतीच पोटाची शस्त्रक्रिया झालेले, फिट येणारे आणि काचबिंदू किंवा डोळ्याच्या पडद्याचा त्रास असणारे यांनीही जोराच्या क्रियांपासून दूर राहावे. पोटाच्या झटक्यांनी पोटातला आणि छातीतला दाब वाढतो, हे त्यामागचे मुख्य कारण. 2004 मध्ये ‘चेस्ट’ या वैद्यकीय नियतकालिकात एका 29 वर्षांच्या निरोगी स्त्रीची नोंद प्रसिद्ध झाली: कपालभातीमुळे तिच्या फुप्फुसाबाहेर हवा साठून फुप्फुस आकसले होते. अशा घटना विरळ आहेत, पण अति जोर किती महागात पडू शकतो ते यातून दिसते.

श्वास रोखणे, म्हणजे कुंभक, याचीही वेगळी काळजी घ्यावी. मोबाइलवर चार-सात-आठची पद्धत सर्रास दिसते. त्यात सात आकडे श्वास धरायचा असतो. गरोदरपणात, हृदयविकारात आणि वाढलेल्या रक्तदाबात हे धरणे गाळावे. वरच्या उदाहरणातल्या बाईंना ‘न थांबता’ सांगितले ते यासाठीच. दमेकऱ्यांनी हळू श्वास जमेल तेवढाच करावा, इनहेलर हाताशी ठेवावा आणि दम लागलेला असताना व्यायाम करत बसू नये.

छातीत दुखत असेल, दुखणे हाताकडे किंवा जबड्याकडे जात असेल, घाम फुटला असेल, तर ‘टेन्शन असेल’ म्हणून श्वास मोजत बसू नका. 108 ला फोन करून लगेच रुग्णालय गाठा.